रॉकेलचा भाव सव्वानऊ

गुनवोर लीडमार्क निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी स्टेनविकमध्ये तिला लांबून पाहून फुटपाथ बदलणारी माणसं अजून शिल्लक होती. चौतीस वर्षं तिनं प्रौढांना अर्थशास्त्र शिकवलं. लाकूड गिरणीतले कामगार, दवाखान्यातल्या मावश्या, बसचालक, घटस्फोटानंतर पुन्हा शिकायला बसलेल्या बायका, सगळे तिच्या हाताखालून गेले. त्यातल्या निम्म्यांना मागणी-पुरवठ्याची आकृती आज आठवणार नाही. पण एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पाववाला येन्स तर सुटे पैसे परत करताना मुद्दाम म्हणायचा, "अंक वेगळे, टक्के वेगळे. बरोबर ना, गुनवोर?"

"बरोबर. आणि तुझा पाव कालचा आहे," असं म्हणून ती निघायची.

ते वाक्य तिचंच. निर्देशांक एकशे दहावरून एकशे पंचवीसवर गेला, की दहातले आठ विद्यार्थी छाती पुढे काढून लिहीत, महागाई पंधरा टक्के. गुनवोरची लाल पेन्सिल तिथं थांबायची. पंधरा हे अंक झाले, बाबांनो. ते एकशे दहावर वाढलेत, शंभरावर नाही. पंधराला एकशे दहानं भागा, शंभरानं गुणा, येतात तेरा पूर्णांक सहा दशांश. पायाभूत वर्ष मागे राहिलं, त्याला धरून किती दिवस बसणार? हे तिनं चौतीस वर्षं, दर सत्रात, न कंटाळता सांगितलं. न कंटाळता हे खोटं. कंटाळून, पण सांगितलं.

जूनच्या पहिल्या सोमवारी संस्थेतून मोर्टेनचा फोन आला. मोर्टेन परीक्षा विभागाचा प्रमुख. तोही कधीकाळी तिच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून पेंगायचा.

"गुनवोर, ये जरा. एक घाणेरडं प्रकरण आहे."

"घाणेरडं म्हणजे कॉपी. सरळ बोल ना."

"सरळ बोलता येत नाही, म्हणून तर बोलावतोय."

त्याच्या खोलीत खिडकीतून पांढरा, सावली नसलेला उजेड येत होता. इतक्या उत्तरेला त्या दिवसांत तो रात्रीही हटत नाही. मोर्टेननं खिडकीचे पडदे ओढले आणि संगणकावर मे महिन्याच्या परीक्षेचा चौदावा प्रश्न आणला.

संस्थेनं त्या हिवाळ्यात जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे कपाटातून काढून संगणकात भरले होते. चौदावा प्रश्न १९९२ सालचा. मजकूर शाबूत होता: एक कुटुंब आठवड्याला दोन पाव, एक कॉफीचा पुडा, हेरिंग माशाच्या दोन बरण्या आणि चार लिटर रॉकेल घेते. खालील तक्त्यातील भावांवरून, पहिले वर्ष पायाभूत धरून, तिन्ही वर्षांचा निर्देशांक काढा. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीचा महागाईचा दर सांगा. गुण बारा.

खाली तक्ता नव्हता. एक रिकामी चौकट होती आणि तिच्या चार कोपऱ्यांत चार तपकिरी डाग.

"हे काय?" गुनवोरनं विचारलं.

"डिंक. पेपर काढणाऱ्या सिक्स्टेननं तक्ता वेगळ्या कागदावर लिहून चिकटवला होता. सत्तावीस वर्षांत डिंक वाळला आणि चिठ्ठी कुठंतरी पडली. स्कॅन करणाऱ्या पोरीनं पाहिलं नाही, डागांचाच फोटो चढवला. एकसष्ट जणांनी परीक्षा दिली. साठ जणांनी लिहिलं, तक्ता दिसत नाही. एकानं तर शिव्या लिहिल्यात."

"आणि एकसष्टावा?"

"एकसष्टावी." मोर्टेननं कागद पुढे सरकवला. "तूवा नोरेल. तेवीस वर्षांची. फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते."

गुनवोरनं चष्मा लावला. स्वच्छ अक्षरात भाव मांडले होते. पाव चौदा, पंधरा, सतरा क्रोनर. कॉफी चोवीस, सव्वीस, एकतीस. हेरिंग अठरा, एकोणीस, चोवीस. रॉकेल आठ, साडेनऊ, सव्वानऊ. खाली बेरजा: एकशे वीस, एकशे बत्तीस, एकशे पन्नास. निर्देशांक शंभर, एकशे दहा, एकशे पंचवीस. महागाई दुसऱ्या वर्षी दहा टक्के, तिसऱ्या वर्षी तेरा पूर्णांक सहा.

"गणित चोख आहे," ती म्हणाली. "पण भाव आणले कुठून हिनं?"

"तेच तर. आता हे बघ." मोर्टेननं जुनं फोल्डर उघडलं. मूळ प्रश्नपत्रिका, वर तेच चार डाग. पान उलटलं तर मागं उत्तरं. निर्देशांक १००, ११०, १२५. "आकाशातून पडलेल्या भावांवरून हेच आकडे येतील का? तिला हा कागद मिळालाय. कुणीतरी आतल्यानं दिला. गुरुवारी समिती बसते. कॉपी ठरली तर तिची सगळी परीक्षा रद्द आणि तीन वर्षं बंदी. समाजसेवकाच्या शिक्षणक्रमात तिला जागा मिळालीय, ती गेली. उत्तरसूची तू तयार केली होतीस, म्हणून तुझा अभिप्राय हवा."

गुनवोर पुढचं ऐकत नव्हती. त्या कागदावर तिच्याच टाइपरायटरवर, तिच्याच बोटांनी, शेवटची ओळ उमटली होती: तिसऱ्या वर्षी महागाई, पंधरा टक्के.

पंधरा.

"विचार करून सांगते," एवढं पुटपुटून ती घरी आली आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच कोरडी भाकरी चीज लावून खाल्ली. सत्तावीस वर्षांपूर्वी किती जणांनी तेरा पूर्णांक सहा लिहिलं असेल आणि कुणा तपासनिसानं तिच्या कागदाकडे बघून काट मारली असेल? येन्स पाववाला त्याच साली परीक्षेला बसला होता. नापास झाला होता, थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तूवाला फोन करून बोलावलं. उंच, अंगानं बारीक, केस मागं घट्ट बांधलेली मुलगी आली आणि दारातच उभी राहिली.

"बस. कॉफी घे. कुणी दिला कागद?"

"कुणी नाही."

"मग भाव?"

"ते दुकानातले भाव आहेत. आमच्या आजीच्या. बेकसेलेला."

गुनवोरचा पेला हातात राहिला. बेकसेले. सिक्स्टेन दर उन्हाळ्यात बेकसेलेला जायचा. सिक्स्टेन हागबेरी, तिचा सहकारी, चौदा वर्षं बाजूच्या टेबलावर बसलेला. बनावट आकड्यांचा त्याला तिटकारा. तक्ता करायचा तर खऱ्या दुकानातले भाव, आणि जूनच्या एकाच तारखेचे. त्याचं दुसरं वेडही तिला आठवलं: तक्त्यात रिकामं घर सोडायचं नाही. वस्तू मिळाली नाही, दुकान बंद असलं, तर मागचाच भाव पुढे लिहायचा. "रिकामं घर दिसलं की मला झोप येत नाही, गुनवोर," असं म्हणायचा. चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात तलावाच्या बर्फावर चालताना त्याचं हृदय थांबलं.

"तुझा जन्म कधीचा?"

"शहाण्णवचा."

"दुकान?"

"ब्याण्णवच्या ऑक्टोबरात बंद पडलं. आजीला झटका आला. पण सामान तसंच होतं. मी लहानपणी तिथंच खेळायचे. दुकान-दुकान."

"चल," गुनवोर उठली. "गाडी तू चालव. मला या उजेडात डोळे मिटता येत नाहीत आणि रस्ता दिसत नाही."

नव्वद किलोमीटर जंगल. दोन्ही बाजूंना एकाच उंचीचे पाइन, मध्ये कुठं माणूस नाही. वाटेत गुनवोरनं आपला हिशेब मांडला, कारण गप्प बसून तिला विचार करता येत नसे.

"हे बघ, ज्याच्या हाती फक्त उत्तरं आहेत त्याला भाव बनवता येतात. निर्देशांक म्हणजे नुसतं प्रमाण. एकशे वीस, एकशे बत्तीस, एकशे पन्नास होईल असे कुठलेही भाव रचावेत. पण उत्तरावरून मागं जाऊन नेमके खरे भाव सापडत नाहीत. तुझे भाव खरे निघाले, तर तू उत्तर चोरलं नाहीस."

"आणि खरे आहेत हे कसं कळणार? तक्ता तर हरवलाय."

"दुकान हरवलंय का?"

तूवानं दुकानाच्या कुलपात किल्ली फिरवली. आत धुळीचा आणि खारवलेल्या लाकडाचा वास होता. सगळ्या खिडक्यांतून तोच सपाट उजेड आत येत होता, त्यामुळे दुकान बंद वाटतच नव्हतं. आत्ता कुणीतरी मागच्या खोलीत गेलंय आणि येईल, असं वाटत होतं. फळ्यांच्या कडेला भावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. पाव, सतरा.

गुनवोरनं थर्मासमधलं गरम पाणी रुमालावर घेऊन चिठ्ठी भिजवली आणि नखानं कोपरा उचलला. खाली दुसरी चिठ्ठी होती. पंधरा. तिच्या खाली चौदा. भाव बदलला की नवी चिठ्ठी जुनीवरच लावलेली. कॉफी: एकतीस, सव्वीस, चोवीस. हेरिंग: चोवीस, एकोणीस, अठरा. हेरिंगच्या चिठ्ठीचा एक कोपरा आधीच उचकटलेला होता, कुणा लहान नखानं.

"ते मीच," तूवा म्हणाली. "मला खालचे आकडे बघायला आवडायचं."

गुनवोरनं मोठा श्वास सोडला. म्हणजे हे एवढंच होतं. पोरीनं खेळता खेळता चिठ्ठ्या पाठ केल्या, आणि परीक्षेत नेमक्या त्याच वस्तू दिसल्यावर रिकाम्या चौकटीत भरल्या. तिला स्वतःचंच हसू आलं.

"झालं काम. रॉकेलची चिठ्ठी कुठाय? तीही काढते."

तूवानं मागच्या दाराकडे पाहिलं.

"रॉकेल, ग."

"रॉकेलची चिठ्ठी नाही. पिंप मागच्या अंगणात असायचं. आजी मापानं द्यायची."

मागच्या अंगणात गंजलेलं पिंप होतं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. गुनवोरनं भिंत पाहिली, दाराची मागची बाजू पाहिली, गल्ल्याचा खण ओढून पाहिला. हिशेबाच्या वह्या नव्हत्या. त्या कधीच जाळल्या, असं तूवानं सांगितलं.

"मग सव्वानऊ कुठून आणलंस? अंदाज? सगळे भाव चढतायत आणि एक रॉकेल साडेनऊवरून खाली येतं, हा अंदाज कोण करील?"

"तो सांगायचा."

"कोण तो?"

"गिऱ्हाईक." तूवा गल्ल्यामागं जाऊन उभी राहिली, बहुतेक नेहमीच्या जागी. "मी एकटीच खेळायचे, तेव्हा तो यायचा. लहानपणी नाही का पोरांना कुणीतरी असतं. टोपी घालायचा. एकेका वस्तूचा भाव विचारून वहीत लिहायचा. मी चिठ्ठीवरचं वाचून दाखवायचे. रॉकेलला चिठ्ठी नव्हती, तर तो म्हणायचा, मीच सांगतो, आठ. मग साडेनऊ. मग सव्वानऊ. बोटांवर मोजायचा. मला फार गंमत वाटायची, त्याला नऊच बोटं होती."

गुनवोरनं गल्ल्याच्या कडेला हात टेकला. सिक्स्टेनचं डाव्या हाताचं शेवटचं बोट गिरणीच्या करवतीत गेलं होतं, सोळाव्या वर्षी.

"तुझ्या आजीनं सांगितलं असणार," ती जरा जोरातच म्हणाली. "भावही आणि बोटांचंही. लहानपणी ऐकलेलं असतं, मग आपल्यालाच दिसलं असं वाटतं."

"आजीची झटक्यात वाचा गेली, गुनवोर. मी जन्मायच्या चार वर्षं आधी. मला तिचा आवाज माहीतच नाही."

बाहेर डासांचा गुणगुणाट चालला होता.

"शेवटचा कधी आला?" हे आपण विचारलं, याचा गुनवोरला नंतर राग आला.

"मोठी झाल्यावर बंदच झालं ते. फक्त मागच्या उन्हाळ्यात, छप्पर बघायला आले होते तेव्हा. म्हणजे, मला वाटलं तसं. त्यानं पावाचा भाव विचारला. मी म्हटलं, दुकान बंद आहे हो. तर मान हलवून काहीतरी लिहिलं आणि गेला."

परतीच्या वाटेवर गुनवोरनं हिशेब मांडला नाही.

गुरुवारी समिती बसली. मोर्टेन, दोन प्राध्यापक, आणि भिंतीकडच्या खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसलेली तूवा. गुनवोरनं भिजवून काढलेल्या चिठ्ठ्या एका कार्डावर क्रमानं लावून आणल्या होत्या. त्या फिरवल्या.

"भाव खरे आहेत, दुकानातले आहेत. आता दुसरं. उत्तरसूचीत तिसऱ्या वर्षीची महागाई पंधरा टक्के लिहिलीय. हिनं तेरा पूर्णांक सहा लिहिलंय. हा कागद जिनं पाहिलाय ती पंधरा लिहिते, नाहीतर निदान दचकते, खाडाखोड करते. हिच्या पानावर खाडाखोड नाही."

एक प्राध्यापक चष्म्यावरून बघत राहिला. "पण म्हणजे उत्तरसूची चुकीची आहे?"

"चुकीची आहे. अंक टक्के म्हणून लिहिलेत."

"कुणी?"

"मी."

मोर्टेनच्या तोंडून हसू निसटलं, ते त्यानं खोकल्यात दाबलं. "गुनवोर, तू? अंक वेगळे, टक्के..."

"पूर्ण कर वाक्य. मला ऐकू दे." तो कागद चाळू लागला, तशी ती म्हणाली, "घाईत होते. कारण काहीही असो, माझी चूक आहे. त्या साली ज्यांचे गुण कापले गेले त्यांना संस्थेनं पत्र पाठवावं. पहिलं येन्स पाववाल्याला. मी स्वतः नेऊन देईन."

"आणि रॉकेल?" दुसऱ्या प्राध्यापिकेनं कार्ड उलटसुलट करत विचारलं. "चिठ्ठ्या तीनच वस्तूंच्या आहेत."

तूवानं मान वर केली. गुनवोरनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"घरचं दुकान. घरातल्या पोरीला घरचे भाव कळतात," ती म्हणाली. आयुष्यात तिनं सांगितलेलं अर्धवट उत्तर हे एकच, आणि तेही कुणी तपासलं नाही.

निकाल दहा मिनिटांत लागला. कॉपी नाही. प्रश्न सगळ्यांसाठीच रद्द, त्यामुळे एकमेव बरोबर उत्तरालाही शून्य. उरलेल्या अठ्ठेचाळीस गुणांत तूवाला तेहेतीस होते, पास व्हायला चोवीस लागत होते. तिची जागा राहिली. जाताना ती गुनवोरला घट्ट मिठी मारून गेली. गुनवोरला मिठ्या आवडत नाहीत, पण ती उभी राहिली.

"ही दुरुस्ती तूच कर," म्हणून मोर्टेननं फोल्डर तिच्यापुढं ठेवलं आणि तो कॉफी आणायला गेला. तिनं लाल पेन्सिल काढली, पंधरावर काट मारली, तेरा पूर्णांक सहा लिहिलं, खाली सही केली. मग पानं सारखी करायला फोल्डर टेबलावर आपटलं, आणि पुठ्ठ्याच्या घडीतून एक पातळ चिठ्ठी सरकून बाहेर आली.

चिठ्ठीवर सिक्स्टेनचं अक्षर होतं. पाव चौदा, पंधरा, सतरा. कॉफी. हेरिंग. रॉकेल आठ, साडेनऊ, सव्वानऊ.

चिठ्ठीच्या चार कोपऱ्यांना मागून तपकिरी डाग होते. तिनं ती उलटी केली. डागांच्या मध्ये पेन्सिलनं, त्याच अक्षरात, चार आकडे होते.

चौथे वर्ष. १७. ३१. २४. ९.२५. दुकान बंद.

गुनवोरनं फोल्डर पुन्हा जवळ ओढलं. फोल्डरला गुंडाळलेली जुनी चिकटपट्टी, स्कॅनसाठी या हिवाळ्यातच कापलेली, अजून कडेला लोंबत होती. तिच्यावर गुनवोरची स्वतःची सही होती आणि परीक्षेनंतर सीलबंद केल्याची तारीख: अकरा एप्रिल १९९२. तेव्हा बेकसेलेचं दुकान रोज सकाळी आठला उघडत होतं. आजी बोलत होती.

मोर्टेन दोन पेले घेऊन आत आला. "अरे! सापडला की तक्ता!"

"डिंक दे."

"स्कॅन करून ठेवू या दोन्ही बाजू."

"डिंक दे म्हटलं ना."

तिनं जुन्या चार डागांवर चार थेंब टाकले, शेवटी मधोमध एक मोठा थेंब टाकला, चिठ्ठी सरळ बसवली आणि तळहातानं दाबून धरली. मोर्टेननं पडदे उघडले. उजेड टेबलावर आला.

"मागं काही लिहिलं होतं का?"

"आता कोरडा होऊ दे," गुनवोर म्हणाली. हात तिनं अजून उचलला नव्हता.